किचन आणि फ्लोअरचे युनिफॉर्म – कामाच्या नोंदी

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून युनिफॉर्मचं काम हातात घेतलंय. किचनमध्ये ११ जण, त्यातले ९ कुक आणि २ भांडी विभागात. फ्लोअरवर, म्हणजे बाहेर पाहुण्यांना वाढायला, ७. प्रत्येकाला आठवड्याची एक सुट्टी, म्हणजे रोज साधारण ८ कुक, २ भांड्यांवर (एकाची सुट्टी असेल तर १) आणि फ्लोअरवर ६ जण हजर.

हिशोब सोपा राहावा म्हणून पैशात न मांडता भागात मांडतेय. छातीपासून झाकणाऱ्या एका साध्या बिब एप्रनची किंमत म्हणजे १ भाग. टेलरकाका आणि तयार माल विकणारे दोन जण यांचे दर बघून असं बसतंय: शेफ कोट ३ भाग, किचनची पँट अडीच, फ्लोअरचा शर्ट २, फ्लोअरचा कमरेचा छोटा एप्रन ०.७, भांडीवाल्यांचा रबरी एप्रन दीड, त्यांचा टी-शर्ट १. आणि सहा महिन्यांसाठी हातात आहेत एकूण १५० भाग, बस्स.

सगळे म्हणतात माणशी तीन सेट घे, एक अंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. पण हे तीन कुठून आले ते कोणी सांगत नाही. माझ्या मते आकडा माणसांवरून निघत नाही, तो निघतो धुणं किती वेळात परत हातात येतं त्यावरून. म्हणून आधी धुण्याचा चक्र बघायचा आणि मगच ऑर्डर द्यायची.

५ फेब्रुवारी, बुधवार

बाहेरच्या लाँड्रीचं गणित करून बघितलं. त्यांची गाडी सोमवारी आणि गुरुवारी सकाळी येते, नेलेले कपडे पुढच्या फेरीला परत. म्हणजे सोमवार ते बुधवारचे तीन मळके कोट गुरुवारी जाणार आणि थेट पुढच्या सोमवारी येणार, तोपर्यंत गुरुवार ते रविवारचे चार दिवस काढायला वेगळे कोट हवेत. रोज स्वच्छ कोट म्हटला तर सात, एक सुट्टी धरली तर सहा. माणशी सहा कोट, ९ कुकचे ५४, म्हणजे १६२ भाग. फक्त कोटांतच बजेट संपून वर १२ भाग कमी पडतात.

आपल्याकडे मशीन आहे, ती रात्री बंद झाल्यावर लावायची. सोमवारी घातलेलं सोमवारी रात्री धुतलं, मंगळवारी दिवसभर वाळलं, बुधवारी सकाळी हातात. म्हणजे दोन दिवसांचा साठा हवा आणि वर थोडी राखीव. त्या हिशोबाने पहिली यादी अशी निघाली:

कुकना रोज दोन एप्रन लागतात, सकाळच्या तयारीचा एक आणि सर्व्हिसचा एक, कारण कच्च्या मालावर काम केलेला एप्रन घालून तयार पदार्थाला हात लावायचा नाही हा नियम मी सोडणार नाही. ८ कुक गुणिले २ म्हणजे १६ रोजचे, दोन दिवसांचे ३२, वर पाव हिस्सा राखीव ८, झाले ४०. कोट माणशी २ आणि ४ जादा, म्हणजे २२, ६६ भाग. पँट ११ जणांना दोन-दोन, ५५ भाग. फ्लोअरचे शर्ट १६, ३२ भाग. फ्लोअरचे एप्रन १५, साडेदहा भाग. भांडी विभागाचे टी-शर्ट ६ भाग, रबरी एप्रन ३, साडेचार भाग.

बेरीज २१४. हातात १५०. ६४ भाग जास्त.

सगळ्यात एक-एक नग कमी करत बसलं तर सगळंच अर्धवट होणार, म्हणून ते करणार नाहीये. बघायचंय की कुठल्या कपड्याचा चक्र छोटा करता येईल.

८ फेब्रुवारी, शनिवार

टेलरकाकांकडून कापडाचे दोन तुकडे आणि दोन्हीचा एक-एक शिवलेला नमुना आणला. एक शंभर टक्के सुती ड्रिल, २६० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला २६० ग्रॅम वजनाचं. दुसरं ६५ टक्के पॉलिस्टर आणि ३५ टक्के सुती, २१० जीएसएम, बाजारात सरळ पॉली-कॉटन म्हणतात.

रात्री ११ला दोन्ही एप्रन मशीनमधून काढून मागच्या पॅसेजमध्ये दोरीवर टाकले आणि समोर स्टँड फॅन लावला. सकाळी ७ला पॉली-कॉटन पूर्ण कोरडा. सुती एप्रनचं मधलं कापड कोरडं होतं पण जिथे दोन पदर येतात तिथे, म्हणजे कमरेची पट्टी, खिशाची दुमड आणि बंद, हाताला गार लागत होतं. कोरडं झालंय का हे कापडाच्या मधोमध हात लावून बघायचं नाही, बंद जिथे शिवलेत तिथे गालाला लावून बघायचं, ओल असेल तर लगेच कळते. ओलसर एप्रन घडी करून कपाटात गेला की दोन दिवसांत वास येतो आणि मग तो कितीही धुतला तरी वास लवकर जात नाही.

मग पुढच्या रात्री फॅन न लावता तेच केलं, तर पॉली-कॉटनचे पण बंद ओले राहिले. म्हणजे फॅनमुळेच फरक पडतोय.

याचा अर्थ असा की पॉली-कॉटन एप्रनचा चक्र एका दिवसाचा होतो, रात्री धुतला सकाळी तयार, दोन दिवसांचा साठा लागत नाही. एक फॅन आणि पक्की दोरी यांचा खर्च साधारण ४ भाग, आणि त्या बदल्यात बरेच एप्रन वाचतात.

मोठे शेफ मात्र लगेच म्हणाले, "ताई, आगीवरच्या पोरांना पॉलिस्टर नको हं." बरोबर आहे त्यांचं. पॉलिस्टर साधारण २५०-२६० अंशाला वितळतं, आणि वितळलेलं कापड कातडीला चिकटतं. सुती कापड पेट घेऊ शकतं पण वितळून चिकटत नाही आणि जाड असेल तर अंगावरून ओढून काढायला जरा वेळ मिळतो. मिश्र कापड दोन्हीच्या मधलं, पण एप्रन हा सगळ्यात बाहेरचा पदर आहे, ज्वाळेच्या सगळ्यात जवळ, तिथे उगाच धोका का घ्यायचा.

मग तोडगा असा: सकाळच्या तयारीत आठही जण पॉली-कॉटन. सर्व्हिसला जे चार जण आगीवर उभे राहतात त्यांना सुती, उरलेल्या चौघांना पॉली-कॉटन. म्हणजे रोज १२ पॉली-कॉटन आणि ४ सुती.

सुती चार रोजचे, दोन दिवसांचे ८, राखीव २, झाले १०. पॉली-कॉटन रोजचे १२ आणि रात्री न वाळणं, सांडणं, फाटणं यासाठी निम्मी राखीव ६, झाले १८. एकूण २८. आधी ४० होते. १२ वाचले, त्यातले ४ फॅन-दोरीला गेले.

१० फेब्रुवारी, सोमवार

नवीन यादी मांडली.

एप्रन २८ भाग, फॅन आणि दोरी ४, फ्लोअरचे कमरेचे एप्रन पॉली-कॉटनचे १० नग म्हणजे ७ भाग. कोट सुतीच हवेत आणि ते रात्रीत वाळत नाहीत, त्यामुळे माणशी दोन कायम, १८ आणि २ जादा, ६० भाग. भांडी विभागाचे टी-शर्ट ६, रबरी एप्रन साडेचार. पँट सध्या माणशी एकच आपल्याकडून, साडेसत्तावीस, आणि दुसरी ज्याची त्याची चालेल पण अट अशी की गडद रंग, सुती, पूर्ण लांबी, घट्ट नको. पँटचं मी मनापासून सांगते की दोन द्यायला आवडलं असतं, पण एप्रन आणि कोट पुढून झाकतात म्हणून पँट कोटाइतकी मळत नाही, आणि कपात कुठेतरी सोसायचीच तर इथे कमी त्रासदायक.

फ्लोअरला शर्ट आपल्याकडून नाही, स्वतःचा साधा काळा शर्ट आणि वरून आपला एप्रन. पाहुण्याला लांबून एप्रनच दिसतो.

बेरीज १३७. १३ भाग शिल्लक.

फ्लोअरच्या सिनियरने संध्याकाळी येऊन सांगितलं, "ताई, दोघांकडे काळा शर्टच नाहीये, आणि ते बोलणार पण नाहीत." त्या दोघांना प्रत्येकी दोन शर्ट शिल्लकमधून, ८ भाग. नवीन माणसाला कामाच्या पहिल्याच आठवड्यात कपड्यावर खर्च करायला लावणं मला पटत नाही. राहिले ५ भाग, ते हलवायचे नाहीत, फाटलं-हरवलं त्यासाठी.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आता मापं. टेलरकाकांनी आधीच सांगितलं की एम-एल या अक्षरांवर जाऊ नका, दोन ठिकाणच्या एलमध्ये चार-पाच सेंटीमीटरचा फरक असतो. कोट सपाट टेबलावर पसरायचा, बटणं लावायची, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजायचं आणि दुप्पट करायचं, हे कोटाचं खरं माप. नमुन्याचं मोजलं: एस ५०, एम ५४, एल ५७, एक्सएल ६०. म्हणजे पूर्ण घेर १००, १०८, ११४, १२०.

पण हे धुण्याआधीचं. म्हणून कोटाच्या कापडाच्या मोठ्या तुकड्यावर पक्क्या मार्करने ५० सेंटीमीटर लांबीत आणि ५० सेंटीमीटर रुंदीत खुणा केल्या आणि कोट जसे धुणार तसेच, गरम पाण्यात, तीनदा धुऊन वाळवले. लांबीत ५० चे ४७.८ झाले, रुंदीत ४८.६. म्हणजे लांबीत ४.४ टक्के आणि रुंदीत २.८ टक्के आटलं. उभ्या धाग्यावर विणताना ताण जास्त असतो म्हणून लांबीत जास्त आटतं. एकच धुणं करून थांबू नये कारण दुसऱ्या-तिसऱ्या धुण्याला पण थोडं आटतं.

याचा परिणाम नुसता छातीवर होत नाही, बाहीवर जास्त होतो, कारण बाही कापडाच्या लांबीत कापलेली असते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सगळ्यांची मापं घेतली. छाती काखेखालून, टेप पाठीमागे आडवी सरळ आहे ना हे दुसऱ्याने बघायचं, माणसाने श्वास रोखायचा नाही आणि पोट आत ओढायचं नाही (सगळे ओढतात). अंगाच्या मापात कोटाला १२ सेंटीमीटरची सैल हवी, म्हणजे वरच्या फळीवरचं भांडं काढताना हात वर गेला तरी कोट कमरेच्या वर सरकत नाही.

एक उदाहरण नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी दुसऱ्या कोणालाही करता येईल. आगीवरचा एक कुक, छाती ९६. त्याला धुतल्यावर १०८चा घेर हवा. एम धुण्याआधी १०८, पण रुंदीत २.८ टक्के आटल्यावर १०५, म्हणजे सैल फक्त ९. दुकानात घालून बघितला असता तर एम झकास बसला असता आणि तीन धुण्यांनंतर काखेत ओढला असता. एल ११४, आटल्यावर साधारण १११, सैल १५. जरा जास्त, पण बाही बघितली तर प्रश्न सुटतो: एमची बाही ६१, आटल्यावर ५८च्या थोडी वर, आणि त्याला मनगटापर्यंत ६० लागते. आगीवर हात पुढे केल्यावर मनगट उघडं पडणार. एलची बाही ६३, आटून ६०. म्हणून एल.

दुसरं उदाहरण त्याच्या उलट. तयारीच्या टेबलावरची ताई, छाती ९२, कंबरेखाली नितंबांचा घेर १०८. एम धुतल्यावर छातीत १०५, सैल १३, अगदी बरोबर. पण कोट खाली पण सरळच कापलेला असतो, तिथेही १०५च, म्हणजे खालची बटणं लागणारच नाहीत किंवा वाकल्यावर सुटतील. एल दिला तर खांदा हातावर उतरतो आणि बाही हाताच्या पंजावर येते, कापाकापीच्या कामाला ते वाईट. टेलरकाकांनी मोठा साईज न देता एमलाच दोन्ही बाजूला १२ सेंटीमीटरचे कट द्यायला सांगितले, कडा दुमडून. कट उघडतो आणि खांदा जागेवर राहतो. बायकांचं माप घेताना नितंबांचा घेर घेतलाच पाहिजे, नुसत्या छातीवर पुरुषी कटाचा कोट दिला की असं होतं.

अक्षरावरून विचारलं तेव्हा लोकांनी सांगितलेलं: एस १, एम ५, एल २, एक्सएल १. माप आणि आटणं धरून निघालं: एस १, एम ३, एल ४, एक्सएल १. दोन जण एमवरून एलवर.

जादा दोन कोट दोन्ही एल. एम आणि एल मिळून सात जण आहेत, आणि एमवाल्याला अडचणीत एल बाही दुमडून एक दिवस चालतो, एलवाल्याला एम चालत नाही. एस किंवा एक्सएल जादा घेऊन ठेवला आणि तो माणूस सोडून गेला तर कोट कपाटात पडून राहणार.

पँटला कमरेत इलास्टिक आणि नाडी, त्यामुळे तीन साईजमध्ये सगळे बसतात. खाली दुमड टेलरकाका एकेकाला बघून घालतील, पण एकदा धुतल्यानंतर.

१५ फेब्रुवारी, शनिवार

टेलरकाकांना ऑर्डर सांगितली, जे पक्कं करून घेतलं ते असं.

कोटाला कापडी गाठीची बटणं नकोत, प्रेस बटणं हवीत. गरम तेल किंवा पाणी अंगावर उडालं तर दोन्ही हातांनी पुढचा पदर ओढला की कोट एका झटक्यात निघाला पाहिजे, काजातून बटण काढत बसायला वेळ नसतो. पुढे दोन पदर, दोन्ही बाजूने लावता येतील असे, म्हणजे सर्व्हिसच्या मध्ये डाग पडला तर पदर उलटा करून स्वच्छ बाजू पुढे. छातीवर वरचा उघडा खिसा नाही, वाकल्यावर पेन-थर्मामीटर अन्नात पडतं. पेनसाठी बाहीवर छोटी पट्टी.

एप्रनचे बंद प्रत्येकी ९५ सेंटीमीटर, मागे फिरवून पुढे गाठ मारता येईल एवढे, पुढची गाठ स्वतःला दिसते आणि संकटात लगेच सुटते. गळ्याचा पट्टा बकलने कमी-जास्त होणारा, कारण एप्रन सगळ्यांचे सामायिक आहेत आणि उंच-बुटका दोघांना तोच बसला पाहिजे. पट्टा जिथे जोडतो तिथे चौकोन आणि मधे फुली अशी पक्की शिलाई. एप्रन फाटतो तो नेहमी तिथेच.

सुती एप्रनचे बंद लाल. पॉली-कॉटनचे काळे. घाईत कोणी लेबल वाचत नाही, रंग दिसतो. लाल बंद म्हणजे आगीवरचा.

नाव कुठेच शिवायचं नाही. नाव घातलं की माणूस गेल्यावर कोट दुसऱ्याला देता येत नाही.

फ्लोअरच्या काळ्या एप्रनचे दहाही एकाच वेळी आणि एकाच ताक्यातून कापायचे, आणि त्याच ताक्याचं दोन मीटर कापड ठेवून द्यायला सांगितलंय. काळा रंग धुऊन धुऊन करडा पडतो आणि नवीन काळा शेजारी आला की सगळे जुने दिसतात. किचनचे कोट पांढरे असल्याने तिथे ही भानगड नाही, ते थोडे थोडे घेता येतात.

१ मार्च, शनिवार

माल आला. आधी सगळं मोजून घेतलं, एप्रनचे पट्टे जोरात ओढून बघितले. दोनाची शिलाई नुसती सरळ होती, फुली नव्हती, परत दिले, काकांनी तिथेच बसून मारून दिली.

घालायला देण्याआधी सगळं एकदा धुतलं. नंतर प्रत्येकाकडून तीन गोष्टी करून घेतल्या: हात पूर्ण वर, खाली बसून उठणं, आणि दोन्ही हात पुढे करून टेबलावर झुकणं. एक पँट मांडीत घट्ट निघाली, बदलून घेतली. बाकी बसलं. पँटच्या दुमडी आता घातल्या.

प्रत्येक नगावर आतून खालच्या दुमडीवर लाँड्री मार्करने नंबर आणि महिना. कोट को १ ते को २०, एप्रन सु १ ते सु १०, पॉ १ ते पॉ १८. वहीत को ७ आणि को ८ कोणाचे ते लिहिलं. एप्रन कोणाचेच नाहीत.

६ मार्च, गुरुवार

धुण्याचा क्रम लावला. ८ कोट साधारण ४ किलो, १६ एप्रन अडीच किलोच्या आसपास, वर फ्लोअरचे. सात किलोच्या मशीनमध्ये सगळं कोंबलं तर भरतं खरं, पण कपडे आत फिरत नाहीत आणि तेल निघत नाही. दोन खेपा, पांढरे कोट वेगळे, एप्रन वेगळे. कोटावर रक्ताचा किंवा अंड्याचा डाग असेल तर आधी गार पाण्यात, गरम पाण्याने असे डाग पक्के बसतात. ब्लीच रोज नाही, सुती धागा त्याने कमकुवत होतो आणि मग कोपरावर फाटतं.

भांडी विभागातल्या दादांना एक गोष्ट दोनदा सांगितली: खूप तेलकट फडकी आणि एप्रन वाळवून गरम असताना ढीग करून ठेवायचे नाहीत. तेल पूर्ण निघालेलं नसेल तर ते हवेशी संयोग पावत आतल्या आत तापतं, ढिगात उष्णता बाहेर जात नाही आणि कापड आपोआप पेटू शकतं. म्हणून थंड करायचं, सुटं टांगायचं, आणि हाताला चिकट लागत असेल तर परत धुवायचं.

१७ मार्च, सोमवार

एप्रन कमी पडायला लागले. काल दुपारी कपाटात पॉली-कॉटनचे दोनच होते, खरं तर राखीव सहा असायला हवेत.

रविवारी रात्री सगळे मोजले, कपाट, दोरी, मशीन, बास्केट मिळून १८ पैकी १३. पाच कुठे? लॉकरमध्ये. उद्या मिळेल न मिळेल म्हणून लोक एक स्वच्छ एप्रन दडवून ठेवतात, आणि दडवल्यामुळेच खरोखर कमी पडतो. कोणावर ओरडण्यात अर्थ नाही, भीती खरी आहे. नियम एवढाच केला: मळका द्या, स्वच्छ घ्या. बास्केटशेजारीच कपाट हलवलं, म्हणजे मळका टाकायचा आणि तिथूनच उचलायचा, वेगळी फेरी नको. सांगितलं की महिनाभर एकदाही कमी पडला नाही तर मगच माझ्यावर विश्वास ठेवा.

२८ मार्च, शुक्रवार

कमी पडणं थांबलं. आता वेगळी गोष्ट दिसली. पॉ १ ते पॉ ८ या एप्रनचा काळा बंद राखाडी पडायला लागलाय आणि पॉ १४च्या पुढचे अजून नवे कोरे. कारण साधं आहे, धुतलेले घडी करून गठ्ठ्याच्या वर ठेवले जातात आणि घेणारा वरूनच घेतो, त्यामुळे तेच तेच रोज फिरतात आणि खालचे हलतच नाहीत. असं चाललं तर आठ एप्रन लवकर फाटणार आणि दहा तसेच राहणार, आणि हिशोबातली राखीव खरी राखीव राहणार नाही.

घडी बंद केली. भिंतीवर एक लांब दांडी लावली, एप्रन गळ्याच्या पट्ट्याने टांगायचे, धुतलेले डाव्या टोकाला घालायचे आणि घ्यायचे उजव्या टोकाने. उजवीकडे दाराची बाजू ठेवली म्हणजे हात आपोआप तिकडेच जातो. सुती एप्रनला वेगळी छोटी दांडी, आगीच्या बाजूच्या भिंतीला.

कोटांना हे लागत नाही, माणशी दोनच आहेत, एकाआड एक फिरतातच.

१९ एप्रिल, शनिवार

दांडीचा परिणाम बघायला सगळ्यांचे बंद परत तपासले. पॉ १ ते ८ आणि बाकीचे यातला फरक वाढलेला नाही, नंबर सगळे मिसळून येतायत.

एक कुक सोडून गेला, एलचे दोन कोट परत आले, नवीन माणूस एमचा. त्याला सध्या एल, बाही दुमडून. कोटांचे पैसे जाणाऱ्याच्या हिशोबातून कापायचे नाहीत, कपडा वापरून झिजतो ते कामासाठी झिजलेलं आहे. परत दिला नाही तरच विचारायचं.

सुती एप्रन सु ३ पट्ट्याजवळ उसवला. काकांनी दुरुस्त केला. उजेडासमोर धरून बघायची सवय लावतेय, पोटाजवळ कापडातून बोटं दिसायला लागली की तो आगीवरून उतरवायचा, कारण पातळ झालेलं सुती कापड गरम शिंतोडा अडवत नाही. सु ३ अजून ठीक आहे.

२६ मे, सोमवार

शिल्लक ५ भागांतले २ गेले, एक पॉली-कॉटन एप्रन स्टोव्हच्या कडेला लागून भोक पडलं आणि एक कुठे गेला कळलं नाही. दोन्ही नवीन आणले, पॉ १९ आणि पॉ २०, महिना मे.

उतरवलेल्या कपड्यांची उतरंड ठरली. कोट करडा पडला पण कापड धडधाकट असेल तर सकाळच्या तयारीला चालतो, सर्व्हिसला नाही. कोपर गेलं की साफसफाईच्या दिवशी. त्यानंतर बटणं काढून काकांना परत, तीच प्रेस बटणं ते दुरुस्तीला वापरतात, आणि कापड फडक्यांना.

पुढच्या सहा महिन्यांच्या ऑर्डरचा अंदाज काकांना आताच देतेय: आधी ११ पँट, म्हणजे प्रत्येकाची दुसरी, साडेसत्तावीस भाग. मग फ्लोअरचे शर्ट १४, २८ भाग. कोट सहाच, तेही सगळे एल आणि एम, कारण कपाटातले पहिले कोट एकदम संपणार नाहीत, थोडे थोडे संपतील. कापड त्याच गिरणीचं मिळालं नाही तर खुणांचा ५० सेंटीमीटरचा तुकडा परत धुऊन बघायचा आणि मगच साईज सांगायचे, काकांनी तुकडा बाजूला काढून ठेवलाय.